कामच ठरलेलं नाही, मग फ्रेशरची मुलाखत घ्यायची कशी?

जाहिरातीत पदाचं नाव असतं 'एक्झिक्युटिव्ह', आणि कामाच्या रकान्यात लिहिलेलं असतं 'पडेल ते काम करण्याची तयारी हवी'. स्टार्टअपच्या जाहिराती बघणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. यात दरवेळी लबाडी असते असंही नाही. चार-पाच जणांच्या कंपनीत सहा महिन्यांनी नक्की कोणतं काम पुढ्यात येईल, हे मालकालाच माहीत नसतं.

खरी अडचण मुलाखतीच्या दिवशी येते. समोर बसलेल्याला अनुभव नाही, त्यामुळे आधी काय केलं हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. काम ठरलेलं नाही, त्यामुळे कोणतं कौशल्य तपासायचं हेही कळत नाही. मग उरतं काय? "स्वतःबद्दल सांगा", "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता", थोड्या गप्पा, आणि शेवटी 'पोरगं चुणचुणीत वाटलं'. या 'वाटलं'वर पगार सुरू होतो आणि तीन महिन्यांनी दोन्ही बाजू वैतागलेल्या असतात.

१९५५ साली हाच प्रश्न एका लष्करापुढे होता

इस्रायलच्या सैन्यात तेव्हा भरतीला येणारे सगळेच फ्रेशर होते. शाळा संपवून आलेली मुलं, आणि त्यातलं कोण पुढे तोफखान्यात जाईल आणि कोण पायदळात, हे ठरलेलं नव्हतं. मुलाखत घेणारे पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारायचे आणि मुलगा कसा वाटला ते लिहायचे. पुढे हीच मुलं सैन्यात कशी निघाली हे तपासल्यावर त्या मतांचा जवळजवळ काहीच उपयोग होत नसल्याचं दिसलं.

ही पद्धत बदलायचं काम एका एकवीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आलं. त्याचं नाव डॅनियल कानेमन. पुढे २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कानेमन यांनी सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणासाठी मुलाच्या आजवरच्या आयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींबद्दल ठरावीक प्रश्न लिहून दिले, आणि एक अट घातली. एका गुणाचे मार्क लिहून झाल्याशिवाय पुढच्या गुणाकडे जायचं नाही. कारण उघड आहे. मुलगा बोलायला छान असला की तो जबाबदारही वाटायला लागतो आणि वक्तशीरही. एकच छाप सगळ्या रकान्यांत सांडते.

मुलाखत घेणारे चिडले. आम्हाला यंत्र करून टाकलं, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा कानेमन यांनी मधला मार्ग काढला. सहाही गुणांचे मार्क लिहून झाले की शेवटी डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून डोळ्यांपुढे आणा, आणि मनाला येईल तो एक आकडा द्या. गंमत म्हणजे हा शेवटचा आकडाही उपयोगी ठरला. अंदाज वाईट नसतो, तो आधी घाईने बांधला की फसतो.

त्यानंतरच्या काळात या विषयावर खूप संशोधन झालं. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुना सगळा अभ्यास पुन्हा तपासला. मुलाखतीतले मार्क आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून मार्क देणाऱ्या मुलाखतीचा मेळ ०.४२ आला, तर गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. म्हणजे निम्म्याहून कमी. ०.४२ हाही काही पैकीच्या पैकी नाही, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

'शिकण्याची क्षमता' प्रश्न विचारून कळत नाही

"तुम्ही लवकर शिकता का?" या प्रश्नाला आजवर कुणी 'नाही' असं उत्तर दिलेलं नसावं. शिकणं बघायचं तर समोर काहीतरी शिकवावं लागतं.

ही युक्तीही जुनीच आहे. ब्रिटनमध्ये सिल्व्हिया डाउन्स यांनी १९७० च्या आसपास कारखान्यांसाठी अशा चाचण्या तयार केल्या. शिलाई मशीन कधीच न चालवलेल्या बाईला आधी एक छोटं काम नीट करून दाखवायचं, मग तेच तिला स्वतः करायला लावायचं, आणि ती कुठे चुकते, काय विचारते, चूक स्वतःची स्वतः दुरुस्त करते का, हे टिपायचं. आधीचं ज्ञान नसलं तरी चालतं, कारण तपासायचं असतं ते शिकवणं आणि करणं यांच्यामधलं अंतर.

स्टार्टअपच्या मुलाखतीत हे कसं बसवायचं, ते एका उदाहरणातून नीट कळेल.

समजा, कंपनी किन्हीराजात आहे

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. आजूबाजूला खरिपात सोयाबीनच सोयाबीन. समजा इथे चार जणांनी एक छोटी कंपनी काढली आहे. शेतकऱ्यांनी घरी राखून ठेवलेलं सोयाबीनचं बियाणं पेरणीआधी तपासून द्यायचं, ही सध्याची सेवा. पुढे माती तपासणी करायची, की मालाची साठवण, की आणखी काही, हे अजून ठरायचं आहे. पाचवा माणूस घ्यायचा आहे, फ्रेशर चालेल. पद काय, तर 'फील्ड आणि ऑफिस, दोन्ही'.

पद धूसर असलं तरी पहिल्या तीन महिन्यांतलं काम तसं नसतं. मुलाखतीआधी मालकाने एका कागदावर एवढंच लिहावं: येत्या नव्वद दिवसांत हा माणूस खरोखर काय करेल? इथे उत्तर सोपं आहे. तो गावोगाव फिरून नमुने आणेल, उगवण मोजेल, शेतकऱ्याला फोनवर निकाल समजावेल आणि नोंदी ठेवेल. मुलाखतीचं काम यातूनच उचलायचं.

उगवण चाचणी बहुतेक शेतकऱ्यांना माहीत असते. बियाण्यातून सरसकट शंभर दाणे घ्यायचे. वर्तमानपत्राच्या घडीवर दहा-दहा दाणे ओळीत ठेवून गुंडाळी करायची, अशा दहा गुंडाळ्या. त्या ओल्या करून पिशवीत ठेवायच्या आणि चार-पाच दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला ठीक, एकरी साधारण ३० किलो. त्याहून कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं. म्हणजे ३० ला ७० ने गुणायचं आणि आलेल्या टक्क्याने भागायचं.

एवढं दहा मिनिटांत समोर बसवून शिकवता येतं. त्यानंतर उमेदवाराला तीन शीट द्यायच्या, पण एकदम नाही, एकामागे एक.

पहिली शीट सरळ आहे. शंभर दाणे, ६२ उगवले. उत्तर ६२ टक्के आणि एकरी साधारण ३४ किलो. या शीटचे मार्कच द्यायचे नाहीत. जे चुकलं ते दाखवायचं, समजावायचं आणि पुढे जायचं.

दुसऱ्या शीटमध्ये एक गोष्ट बदललेली आहे. शेतकऱ्याने थोडंच बियाणं पाठवलं, म्हणून प्रत्येक गुंडाळीत पाच दाणे, एकूण पन्नास. ३३ उगवले. ज्याने 'उगवलेले दाणे म्हणजेच टक्के' एवढंच पाठ केलं, तो ३३ टक्के लिहितो. ज्याला टक्का म्हणजे काय ते उमगलं, तो ६६ लिहितो आणि एकरी ३२ किलोच्या आसपास येतो. शिकण्याचे मार्क इथे द्यायचे.

तिसऱ्या शीटमध्ये मेख आहे. दहा गुंडाळ्यांचे आकडे असे: ८, ७, ८, ०, ७, ८, ७, ८, ७, ८. बेरीज ६८, म्हणजे बियाणं सत्तरच्या खाली. पण चौथ्या गुंडाळीत शून्य कसं? बाकी कुठेच सातच्या खाली आकडा नाही. ती गुंडाळी कोरडी पडली असेल, किंवा मोजायची राहिली असेल. ती बाजूला ठेवली तर ९० पैकी ६८, म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. एका गुंडाळीमुळे निकाल उलटा होतो. शीटवर याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. पुढाकार दिसतो तो इथे.

पुढाकार म्हणजे धडाडी नव्हे

तिसऱ्या शीटवर उमेदवार साधारण चार प्रकारे वागतात.

कुणी ६८ लिहून मोकळा होतो. कुणाला शून्य खटकतं, पण तो गप्प बसतो. कुणी विचारतो, "सर, हे चौथ्यात शून्य कसं काय? गुंडाळी सुकली होती का?" आणि चाचणी पुन्हा करायला सुचवतो. चौथा कुणालाही न विचारता शून्य वगळतो, ७५ टक्के लिहितो आणि 'बियाणं पास' असा शेरा मारतो.

स्टार्टअपवाल्यांना हा चौथा उमेदवार फार आवडतो. निर्णय घेतला, थांबला नाही, वेळ वाचवला. पण सगळ्यात धोकादायक तोच आहे. कारण चौथी गुंडाळी सुकली होती हा त्याचा फक्त अंदाज आहे. कदाचित त्या कोपऱ्यातले दाणे खरोखरच मेलेले असतील, पोत्याचा एक भाग भिजलेला असेल. शेतकऱ्याने त्याच्या भरवशावर पेरलं आणि उगवलं नाही, तर दुबार पेरणी आली. बियाणं, मजुरी आणि निघून गेलेली ओल, तिन्हींचा फटका. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी महाराष्ट्रभरातून आल्या होत्या, त्यामुळे ही भीती कागदावरची नाही.

म्हणून पुढाकाराचे मार्क 'जितका धीट तितके जास्त' असे देऊन चालत नाही. न सांगता लक्षात आलं का, ते बोलून दाखवलं का, आणि स्वतःच्या हातात काय आहे व कुणाला विचारून करायचं आहे हा फरक कळला का, या तीन गोष्टी बघायच्या. पाचपैकी पाच तिसऱ्या प्रकाराला. ज्याला शून्य दिसलं पण जो बोलला नाही, त्याला तीन. ज्याने आकडा गुपचूप बदलला, त्याला एकच.

गप्प बसलेल्याला तीन मार्क कशासाठी, तर इथे दोष अनेकदा उमेदवाराचा नसतो. शाळा-कॉलेजात पंधरा वर्षं 'छापलंय ते बरोबर' असं शिकलेला मुलगा मुलाखतीत समोरच्या साहेबांच्या शीटमध्ये चूक कशी काढेल? त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं की शंका विचारा, शीटमध्ये काही चुकीचं वाटलं तर बोला, मार्क कमी होणार नाहीत. आणि शेवटी प्रत्येकाला एकाच शब्दांत एक प्रश्न विचारायचा: "या शीटवर तुम्हाला काही विचारायचं आहे का?" परवानगी मिळाल्यावर जो बोलतो, तो कामावरही परवानगी मिळाली की बोलेल. ती देणं मालकाच्या हातात आहे.

दोन उमेदवार, एक जागा

समजा दोघं आले. पहिला बी.एस्सी. कृषी, बोलायला चटपटीत. दुसरी बी.ए. झालेली, सुरुवातीला आवाजही नीट निघत नाही.

पहिल्या शीटवर त्याचं उत्तर दोन मिनिटांत, अचूक. त्याला हे कॉलेजातच शिकवलेलं होतं. तिने सूत्र उलटं लावलं आणि एकरी साडेसव्वीस किलो लिहिलं. चूक दाखवल्यावर ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे उगवतंय कमी, तर बी जास्त लागणार. मी कमी केलं." कुणी कारण समजावण्याआधी तिने ते स्वतः पकडलं.

दुसऱ्या शीटवर त्याने ३३ टक्के लिहिले, तिने ६६. तिसऱ्या शीटवर त्याने ६८ लिहून 'सत्तरच्या खाली' असा शेरा दिला. शेवटचा प्रश्न विचारल्यावरही "नाही सर, सगळं क्लिअर आहे" असं म्हणाला. तिने विचारण्याआधीच चौथ्या आकड्यावर बोट ठेवलं.

मुलाखत पहिल्या शीटवर थांबली असती तर नोकरी त्याला मिळाली असती. पहिल्या शीटने मोजलं होतं ते आधीचं ज्ञान. काम ठरलेलं असतं, समजा बियाणं प्रयोगशाळेसाठीच माणूस हवा असता, तर त्या ज्ञानाला नक्कीच वजन द्यायला हवं होतं. पण सहा महिन्यांनी इथे माती तपासणीही सुरू होऊ शकते. मग नवी गोष्ट कोण लवकर उचलेल, हे जास्त महत्त्वाचं.

यात एक फसगतही आहे. सोयाबीन उत्पादकाच्या घरातली मुलगी असेल तर तिलाही हे सगळं आधीपासून माहीत असू शकतं, आणि मग आपण शिकणं मोजतोय असं वाटतं पण मोजतो घरची शेती. पहिलं उत्तर न शिकवताच अचूक आलं, तर ते ओळखावं आणि दुसरं काम द्यावं, जे दोघांनाही नवीन असेल. कंपनीने स्वतः बनवलेली नमुन्यांना क्रमांक देण्याची पद्धत यासाठी चांगली, कारण ती बाहेर कुणालाच माहीत नसते.

मागच्या आयुष्यातला पुढाकार

शीटनंतर दहा मिनिटं एकाच प्रश्नाला द्यावीत: कुणी न सांगता, स्वतः होऊन केलेलं एखादं काम सांगा. फ्रेशरकडे ऑफिसातलं उदाहरण नसतं, म्हणून प्रश्न विचारतानाच वाट मोकळी करावी. घरचं, शेतातलं, कॉलेजच्या शिबिरातलं, गणपती मंडळातलं, काहीही चालेल. गावातल्या लोकांचे पीक विम्याचे अर्ज भरून देणं हेही कामच आहे.

पहिलं उत्तर बहुधा गुळगुळीत असतं. "मंडळाचा कार्यक्रम मी मॅनेज केला." मग खोदावं लागतं. त्याआधी ते काम कोण करायचं? तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? पैसे किती जमले, कमी पडले तेव्हा काय केलं? काय बिघडलं? खरोखर काम केलेल्याला बिघडलेल्या गोष्टी चटकन आठवतात, तो तपशिलात जातो. नुसता हजर असलेला 'आम्ही सगळ्यांनी मिळून' याच्यापलीकडे सरकत नाही. प्रश्नांचा मारा मात्र उलटतपासणीसारखा होऊ नये.

शीट, हा प्रश्न आणि फोनवर शेतकऱ्याला निकाल समजावण्याचं पाच मिनिटांचं नाटक, असे तीनच रकाने पुरे आहेत. दोघं मुलाखत घेत असतील तर आधी आपापले मार्क लिहायचे, मग बोलायचं. नाहीतर धाकटा भागीदार मोठ्याच्या चेहऱ्याकडे बघून मार्क देतो.

छोट्या गावात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. उमेदवार कुणाचा तरी पुतण्या, कुणाच्या तरी ओळखीचा असतोच. आडनाव, गाव, घर यांच्या चौकशीत पाच मिनिटं गेली की पुढचे मार्क त्यातून सुटत नाहीत. मुलींना विचारलं जाणारं "लग्नानंतर काय?" हेही याच जातीचं. कामाशी संबंधित अट असेल, जसं की आठवड्यातून तीन दिवस गावोगाव फिरावं लागेल, तर ती सगळ्यांना सारखीच सांगावी आणि जमेल का एवढंच विचारावं.

उमेदवाराने काय विचारावं?

काम धूसर असणं समजू शकतं, बाकी काही धूसर असायचं कारण नाही. पगार किती आणि कोणत्या तारखेला, पहिले नव्वद दिवस रोज काय करायचं, कुणाला विचारून करायचं, सुट्टी कोणती, गाडीच्या पेट्रोलचे पैसे कोण देणार, याची उत्तरं मालकाकडे त्याच दिवशी असायला हवीत. 'ते बघू पुढे' हे उत्तर पगाराच्या प्रश्नाला आलं, तर ती लवचिकता नव्हे. मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगणं किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली उमेदवाराकडूनच पैसे मागणं, इथे तर थेट उठून यावं.

मुलाखतीतलं कामही तपासून बघावं. तासाभरात होणारी, बनावट आकड्यांची शीट ही चाचणी असते. दोन दिवस गावं फिरून खरे नमुने आणायला लावले तर ती मजुरी आहे, आणि तिचे पैसे मिळायला हवेत.

आता तो ०.४२ चा आकडा. उत्तम घेतलेली मुलाखतही बऱ्याचदा चुकते. तीन शीटवर हुशार ठरलेली व्यक्ती उन्हात चौथ्या गावाला जायला कंटाळू शकते, आणि हे टेबलावर बसून कळायचा मार्ग नाही. म्हणून पगारी प्रोबेशन ठेवतात. पण तिथेही तोच घोळ होतो. तीन महिने कुणी काही मोजत नाही आणि नव्वदाव्या दिवशी पुन्हा 'कसं वाटलं' यावर निर्णय होतो. त्यापेक्षा तिसाव्या दिवशी एकदा समोरासमोर बसून मुलाखतीचेच दोन प्रश्न कामाला लावावेत. महिन्याभरात नवीन काय शिकलं, आणि न सांगता काय लक्षात आणून दिलं? उत्तराला नोंदवहीतली उदाहरणं हवीत, दोन्ही बाजूंकडून. मुलाखतीच्या दिवशी लिहिलेले मार्कही तेव्हा शेजारी ठेवावेत. असे चार-पाच जण घेऊन झाले की कोणता रकाना खरा ठरतोय आणि कोणता उगाच भरतोय, हे त्या कंपनीला स्वतःच्याच कागदांवरून दिसायला लागतं.